रेषेच्या वरचे पैसे

जानेवारीतल्या एका संध्याकाळी आमच्या इमारतीतल्या एक शिक्षिका पासबुक हातात घेऊन आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी, वेतनाच्या फरकाचे ३ लाख रुपये नुकतेच जमा झालेले. "काका, दोन दिवसांपूर्वी खात्यात ३ लाख ६० हजार होते. आज ५० हजारच दिसतायत. बाकीचे गेले कुठे?" त्यांचा आवाज कापत होता. मी बँकेत तीस वर्षं काढली आहेत आणि हा प्रश्न काउंटरवर कितीतरी वेळा ऐकला आहे. मी त्यांना पासबुकातली नोंद दाखवली. १० जानेवारी, ३ लाख १० हजार रुपये नावे, आणि त्यापुढे एका मुदतठेवीचा क्रमांक. पैसे त्यांच्याच नावावर होते, फक्त बचत खात्यातून उठून शेजारच्या मुदतठेवीत जाऊन बसले होते. खातं उघडताना भरलेल्या अर्जावर 'ऑटो स्वीप'च्या चौकोनात त्यांनी खूण केली होती, पण ते त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

ही सोय बहुतेक मोठ्या बँका देतात. स्टेट बँकेत तिला मल्टि ऑप्शन डिपॉझिट म्हणतात, एचडीएफसी बँकेत स्वीप-इन, कोटक महिंद्रात अ‍ॅक्टिव्ह मनी. नावं आणि नियम वेगळे असले तरी गाभा एकच आहे. बचत खात्यात एक रेषा आखलेली असते. शिल्लक त्या रेषेच्या वर गेली की वरची रक्कम आपोआप मुदतठेवीत जाते. पुढे चेक, एटीएम किंवा यूपीआयमुळे खात्यात पैसे कमी पडले, तर ठेव लागेल तेवढी मोडून पैसे बचत खात्यात परत येतात. त्यासाठी बँकेत जावं लागत नाही आणि चेकही परत जात नाही. काही ठिकाणी आधीच केलेली एफडी खात्याला जोडता येते. तिथे पैसे फक्त परत येण्याचा रस्ता असतो, जाण्याचा नसतो. अर्ज भरताना आपण यातलं नेमकं काय घेतोय, हे विचारून घ्यावं.

या शिक्षिकांच्या खात्याचे नियम असे होते. रेषा ५० हजारांवर. वरची रक्कम किमान १० हजार झाली तरच ठेव होणार, तीही हजाराच्या पटीत. मुदत एक वर्ष. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून वर्षाच्या ठेवीवर साडेसहा टक्के आणि बचत खात्यावर अडीच टक्के व्याज धरू. २०२५ च्या मध्यात अनेक मोठ्या बँकांचा बचतीचा दर अडीच टक्क्यांवर आला. ठेवींचे दर सतत बदलत असतात, तेव्हा साडेसहा हा इथे फक्त उदाहरणाचा आकडा समजावा. ३ लाख १० हजार वर्षभर बचत खात्यातच पडून राहिले असते तर ७,७५० रुपये व्याज मिळालं असतं. ठेवीत राहिले तर २०,१५०. चक्रवाढ बाजूला ठेवली तरी फरक १२,४०० रुपयांचा, आणि त्यासाठी बाईंना काहीच करावं लागलं नाही.

मात्र इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. साडेसहा टक्के मिळतात ते वर्षभर न हललेल्या पैशांना. ठेव मुदतीआधी मोडली तर पैसे जितके दिवस प्रत्यक्ष ठेवीत होते, तितक्या दिवसांसाठीचा दर लागतो. बहुतेक बँका त्यातूनही अर्धा ते एक टक्का दंड कापतात. सात दिवसांच्या आत मोडलेल्या रकमेवर तर व्याजच मिळत नाही. म्हणून मोडायची वेळ आलीच, तर बँक आधी कुठली ठेव मोडते, हा प्रश्न कळीचा ठरतो.

बाईंच्याच खात्यावर ते पाहू. मधल्या महिन्यांत पगार आला, खर्च झाला, शिल्लक रेषेच्या वर फारशी गेली नाही. १ नोव्हेंबरला मात्र खात्यात ९० हजार झाले आणि ४० हजारांची दुसरी ठेव पडली. २१ नोव्हेंबरला मुलीच्या कॉलेजचा आणि वसतिगृहाचा ७५ हजारांचा चेक आला. खात्यात तेव्हा ३५ हजार होते, म्हणजे ४० हजार कमी. आता समोर दोन ठेवी आहेत. एक जानेवारीची, ३१५ दिवस मुरलेली. दुसरी नोव्हेंबरची, वीस दिवसांची.

बँक आधी नवी ठेव मोडत असेल, तर वीस दिवसांच्या ४० हजारांवर घाव पडतो. वीस दिवसांसाठीचा दर तीन टक्के आणि दंड अर्धा टक्का धरला तर अडीच टक्क्यांनी ५५ रुपये हातात येतात. बचत खात्यातही एवढेच मिळाले असते. साडेसहा टक्क्यांनी १४२ झाले असते, म्हणजे हुकले ८७ रुपये. जानेवारीची ठेव पूर्ण शाबूत राहते आणि दहा जानेवारीला तिचं वर्ष भरतं.

आणि बँक आधी जुनी ठेव मोडत असेल, तर हेच ४० हजार जानेवारीच्या ठेवीतून निघतात. ३१५ दिवसांसाठी दर सहा टक्के धरला तर दंड वजा जाता साडेपाच टक्के उरतात. त्या ४० हजारांवर २,२४४ रुपयांऐवजी १,८९९ मिळतात. हुकले ३४५ रुपये. वर्ष भरायला पन्नास दिवस उरलेले असताना त्या ४० हजारांना पूर्ण मुदतीचा दर गमवावा लागतो. खाते तेच, चेक तोच, पण कुठली ठेव आधी मोडली यावरून नुकसान चौपट होतं.

बँकेच्या भाषेत पहिल्या पद्धतीला लिफो म्हणतात, म्हणजे शेवटी आलेली आधी बाहेर. दुसरीला फिफो, म्हणजे आधी आलेली आधी बाहेर. अनेक ठिकाणी लिफो हाच ठरलेला क्रम असतो, काही ठिकाणी निवड करता येते. पगारदार माणसाला बहुतेक वेळा लिफोच सोयीचा. जुन्या ठेवी कमी व्याजाच्या काळातल्या असतील, त्यांचं वर्ष भरायला अजून बराच अवधी असेल आणि नव्या ठेवींचा दर चढा असेल, तर मात्र फिफो बरा पडू शकतो. नवीन ठेव मोडावी की जुनी, हे ठरवणारं गणित वरच्या उदाहरणासारखंच मांडायचं असतं.

दुसरी चूक दिसते ती रेषा खूप खाली ओढल्याने. एका तरुणाचं खातं मी पाहिलं होतं. ८० हजार पगार, रेषा २५ हजारांवर. पहिल्या तारखेला पगार येताच पन्नास-पंचावन्न हजारांची ठेव व्हायची. पाच तारखेला घराच्या कर्जाचा ३० हजारांचा हप्ता कापला जायचा आणि चार दिवसांच्या ठेवीतून पैसे परत यायचे. सात दिवस न भरल्याने त्यांवर शून्य व्याज. दहा तारखेला क्रेडिट कार्डाचं बिल, पुन्हा ठेव मोडली. चार दिवसांत त्या पैशांवर बचत खात्यात थोडे रुपये तरी मिळाले असते, ठेवीत तेही नाहीत. नुकसान किरकोळ, पण वर्षभरात त्याच्या पासबुकाची पानंच्या पानं ठेव झाली, ठेव मोडली अशा नोंदींनी भरली होती. त्यातून वर्षाचं व्याज शोधणं ही त्याच्या कर सल्लागाराला डोकेदुखी झाली होती. हप्ते आणि बिलं कापून गेल्यावर, म्हणजे साधारण दहा-बारा तारखेला खात्यात जे उरतं, तेच खऱ्या अर्थाने जास्तीचे पैसे. रेषा ठरवताना पगार आल्यावर आठ-दहा दिवसांत जाणाऱ्या रकमा तिच्या खाली राहतील असं पाहावं. काही बँकांत महिन्यातला ठरावीक दिवस निवडता येतो. तिथे हप्त्यानंतरचा दिवस निवडला की ही ये-जा थांबते.

कराच्या बाबतीतही एक गैरसमज असतो. जुन्या करप्रणालीत बचत खात्याच्या व्याजावर १० हजारांपर्यंत वजावट मिळते. स्वीपच्या ठेवीवरचं व्याज मात्र मुदतठेवीचं व्याज धरलं जातं, त्याला ही वजावट लागू नाही. ज्येष्ठ नागरिकांची ५० हजारांची वजावट दोन्ही व्याजांना चालते, पण तीही जुन्या प्रणालीतच. खातं बचतीचं दिसतं म्हणून सगळं व्याज बचतीचं समजू नये. ठेव विम्याचंही तसंच आहे. एका बँकेतल्या बचत आणि मुदतठेवी, मुद्दल आणि व्याज मिळून एका माणसाला ५ लाखांपर्यंतच संरक्षण आहे. स्वीपने पैसे दोन खणांत गेले म्हणून ते वाढत नाही.

आणि शेवटची गोष्ट, जी मी काउंटरवर प्रत्येकाला सांगत असे. ठेव खात्याला जोडली की खात्याची कडी तीच ठेवीची कडी होते. साधी एफडी कोणाला चोरायची असेल तर आधी ती मोडावी लागते. स्वीपच्या ठेवीला ती पायरीच नाही. कार्ड किंवा पासवर्ड चुकीच्या हाती गेला आणि बचत खात्यातून पैसे निघाले, तर जोडलेली ठेव आपोआप मोडून ती रक्कम पुरवत राहते. म्हणून हाताशी हवा तेवढाच पैसा स्वीपमध्ये असावा. मुलीचं लग्न, निवृत्ती अशा कामांसाठी वर्षानुवर्षं लागणार नाही असा पैसा वेगळ्या, न जोडलेल्या ठेवीत ठेवावा, आणि कार्ड-यूपीआयच्या रोजच्या मर्यादा आपल्या गरजेपुरत्या कमी करून घ्याव्यात.

त्या शिक्षिकांनी दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन तीन गोष्टी विचारून घेतल्या. आधी कुठली ठेव मोडते, दंड किती, आणि नॉमिनीचं नाव ठेवीलाही लागलंय का. पहिल्याचं उत्तर मिळालं, नवी आधी. दंड अर्धा टक्का. नॉमिनीचं नाव बचत खात्याला होतं, ठेवीला नव्हतं. तो अर्ज त्यांनी तिथेच भरून दिला. नोव्हेंबरमध्ये मुलीचा चेक वटला तेव्हा त्यांनी मला पासबुक पुन्हा दाखवलं. जानेवारीची ३ लाख १० हजारांची ठेव तशीच होती.