तीन वर्षांची अट आणि वीस महिन्यांचा अनुभव

'बीकॉम, किमान तीन वर्षांचा अनुभव, जीएसटी-टीडीएसचे काम येणे आवश्यक.' नाशिकमधल्या एका तरुणीने अकाउंटंटच्या जागेसाठी अशी जाहिरात वाचली, असे समजू. ती बीकॉम आहे, पण करसल्लागाराकडे तिने वीस महिनेच काम केले आहे. तिने अर्ज करावा का?

आधी अट कोणत्या जातीची आहे ते पाहावे. औषधांच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट कायद्यानेच लागतो. सरकारी भरतीत जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत पात्रता नसेल, तर कितीही हुशार उमेदवार बाद होतो. यूपीएससीच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेला पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी बसतात, ते नियमातच तशी सवलत आहे म्हणून.

खासगी कंपनीतली वर्षांची अट मात्र बहुतेकदा अंदाजाने घातलेली असते. दर महिन्याचे काम कुणी मागे उभे न राहता वेळेत पुरे करणारा माणूस त्यांना हवा असतो. म्हणून तरुणीने उत्तर द्यायचे ते याच अपेक्षेला. अर्जासोबतच्या पत्रात ती लिहू शकते:

'जाहिरातीत तीन वर्षांचा अनुभव मागितला आहे. माझा वीस महिन्यांचा आहे. या काळात बारा व्यापाऱ्यांचे जीएसटीआर-१ आणि ३बी मी दरमहा भरले. खरेदीच्या नोंदी २बीशी जुळवण्याचे काम माझ्याकडेच होते. टीडीएसचे विवरणपत्र मात्र वरिष्ठांच्या देखरेखीखाली केले आहे.'

उणीव एकदाच, पहिल्याच ओळीत सांगून झाली. माफी नाही, लांबलचक खुलासा नाही. टीडीएसबद्दलची कबुली असल्यामुळे आधीची दोन वाक्येही खरी वाटतात.

मुलाखतीत कुणी विचारेल, 'पुरवठादाराचे बिल २बीत दिसले नाही तर?' त्या महिन्यात त्या बिलाचे क्रेडिट घ्यायचे नाही, पुरवठादाराने जीएसटीआर-१ भरला का ते विचारायचे आणि बिल २बीत आल्यावर क्रेडिट घ्यायचे, हे तिला अडखळता सांगता आले, तर वीस महिन्यांत ती काय शिकली ते समोरच्याला कळते. अडखळली, तर तीन वर्षांचा दाखलाही फारसा उपयोगी पडला नसता.

आकडा फुगवण्याचा मोह मात्र टाळावा. वीस महिन्यांची 'दोन वर्षे' करू नयेत; कॉलेजातली इंटर्नशिप नोकरीत मिसळू नये, वेगळी दाखवावी. भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल, तर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख यूएएनच्या नोंदीत असते आणि नेमणुकीआधीच्या पडताळणीत ती तपासली जाऊ शकते. पदवीचेही तसेच. एक विषय राहिला असेल, तर 'बीकॉम' न लिहिता 'बीकॉम, अंतिम वर्ष, एक विषय बाकी' असे लिहावे.

काही कंपन्या तरीही नकार देतील. पण खोट्या तारखा रुजू झाल्यावर उघड झाल्या, तर हाती आलेली नोकरीही जाऊ शकते. म्हणून अर्जात खरा आकडाच लिहावा आणि त्याच्या शेजारी केलेले काम नेमकेपणाने मांडावे.