माफीची चार वचनं शेजारी ठेवून वाचताना

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात महिन्यातून एकदा एक छोटी बैठक बसते. काही शिक्षक, काही पालक, शेजारच्या बौद्ध वस्तीतली दोन मंडळी, एक ख्रिस्ती बाई, एक निवृत्त हिंदू सहकारी. मागच्या वेळी विषय ठरला 'माफी'. प्रत्येकाने आपल्या ग्रंथातलं एक वचन आणलं, वाचलं, आणि पंधरा मिनिटांत आम्ही सगळे एका गोड निष्कर्षावर आलो की सगळे धर्म माफ करा असंच सांगतात. चहा यायच्या बेतात होता. तेवढ्यात मागे बसलेल्या एका भगिनीने विचारलं, "मग ज्याने त्रास दिला तो पुन्हा पुन्हा देतोय, तरी मीच माफ करत राहायचं का? घरी मला हेच ऐकवतात."

कोणाकडेच उत्तर नव्हतं, कारण आम्ही वचनं वाचली होती, पण त्यांच्या आजूबाजूचं काही वाचलं नव्हतं. पुढच्या बैठकीला मग आम्ही पद्धत बदलली. वचन एकटं आणायचं नाही. त्याच्या आधीचा आणि नंतरचा मजकूरही आणायचा, आणि मूळ भाषेतला नेमका शब्द कागदाच्या कडेला लिहायचा. प्रत्येक वचनाला तीनच प्रश्न विचारायचे: कोण कोणाला सोडतंय, कशासाठी, आणि नाही सोडलं तर काय?

सुरुवात शब्दापासून केली, कारण पहिली गफलत तिथेच होते. मराठीतला 'माफ' हा शब्द मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेला. त्याचं मूळ 'अफ्व'. वाऱ्याने वाळूवरच्या पाऊलखुणा पुसून टाकाव्यात, तसं पुसणं असा त्याचा जुना अर्थ. 'सफ्ह' म्हणजे तोंड फिरवून पुढे जाणं, झालं गेलं न उगाळणं. आणि 'मग़फ़िरत' म्हणजे झाकणं. याच मुळापासून शिरस्त्राणाला 'मिग़फ़र' म्हणतात. संस्कृतातली 'क्षमा' निराळ्या घरातली आहे. 'क्षम्' म्हणजे सहन करणं, पेलणं. म्हणूनच पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. पालीतली 'खंती' तिचीच बहीण. एक पुसणं, एक पेलणं. दोन्हींचं भाषांतर 'माफी' केलं की फरक संपतो, आणि फरक संपला की चर्चाही संपते.

आमचं वचन होतं सूरह नूरची बावीसावी आयत. ती कोणत्या प्रसंगी उतरली हे बहुतेकांना ठाऊक असतं. हजरत आयशा (रजि.) यांच्यावर खोटा आळ घेतला गेला. तो पसरवण्यात मिस्तह बिन उसासा (रजि.) यांचंही तोंड होतं. मिस्तह हे हजरत अबू बकर (रजि.) यांच्या मावसबहिणीचे चिरंजीव, गरीब मुहाजिर, बद्रच्या लढाईत सहभागी झालेले, त्यांचा खर्च अबू बकर (रजि.) स्वतः चालवत. ज्याला पोसलं त्यानेच लेकीच्या अब्रूबद्दल बोलावं! अल्लाहने आयशा (रजि.) यांचं निर्दोषत्व जाहीर केल्यावर अबू बकर (रजि.) यांनी शपथ घेतली की यापुढे मिस्तहवर एक दिरहमही खर्च करणार नाही. तेव्हा ही आयत उतरली. तिचा आशय असा की ऐपतदारांनी नातलगांना, गरिबांना आणि मुहाजिरांना न देण्याची शपथ घेऊ नये. त्यांनी अफ्व करावं, सफ्ह करावं. अल्लाहने तुम्हाला माफ करावं हे तुम्हाला आवडणार नाही का? अबू बकर (रजि.) यांनी हो म्हणून खर्च पुन्हा सुरू केला.

आता याच सूरहच्या सुरुवातीकडे पाहा. चौथ्या आयतीत पाकदामन स्त्रीवर आळ घेऊन चार साक्षीदार न आणणाऱ्याला ८० फटक्यांची शिक्षा आहे, आणि त्याची साक्ष पुढे धरायची नाही असंही आहे. म्हणजे बावीसावी आयत गुन्ह्याची शिक्षा रद्द करत नाही. ती दुखावलेल्या बापाला त्याच्या हातातल्या गोष्टीबद्दल सांगते: मनातला सल पुसा आणि मदत बंद करू नका. हे दोन धागे वेगळे आहेत. सूरह शूराच्या चाळीसाव्या आयतीतही हेच दिसतं. वाईटाचा बदला तेवढाच, त्याहून जास्त नाही. पण जो माफ करील आणि संबंध सुधारील त्याचा मोबदला अल्लाहकडे. लगेच पुढच्या आयतीत म्हटलंय की अन्याय झाल्यावर ज्याने हक्काने बदला घेतला त्याच्यावर दोष नाही. हक्क आधी, माफी त्याच्यावर. ज्याच्याकडे हक्कच ठेवला नाही तो सोडणार काय?

इथे आमच्यातल्या एकाने उत्साहाने मांडलं की माणूस 'अफ्व' करतो आणि 'मग़फ़िरत' फक्त अल्लाहची. नूरच्या आयतीत शब्द तसे वाटले गेले आहेत खरे. पण सूरह तग़ाबुनच्या चौदाव्या आयतीत, बायको-मुलांच्या संदर्भात, तिन्ही क्रियापदं माणसासाठी आली आहेत. एका आयतीवर नियम बांधला की दुसरी आयत तो मोडते, हे त्या दिवशी सगळ्यांसमोर कळलं ते बरं झालं.

ख्रिस्ती बाईंनी मत्तयच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय आणला होता. पेत्र विचारतो, भावाने अपराध केला तर किती वेळा सोडू, सात वेळा? येशू (हजरत ईसा अलैहिस्सलाम) जो आकडा सांगतात तो काही भाषांतरांत सत्त्याहत्तर, तर काहींत सातच्या सत्तरपट आहे. मोजणीच सोडून दे हा रोख. मग दृष्टांत येतो. एका दासाला राजाने दहा हजार तलांतांचं कर्ज सोडलं, आणि त्याच दासाने बाहेर पडून शंभर दिनारांसाठी सोबत्याची मानगूट धरली. आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. तलांत साधारण ६,००० दिनारांचा. म्हणजे पहिलं कर्ज ६ कोटी दिवसांच्या मजुरीचं आणि दुसरं १०० दिवसांचं. आजचा रोज ५०० रुपये धरला तर एकीकडे ३,००० कोटी, दुसरीकडे ५० हजार. ५० हजार ही गरिबाला लहान रक्कम नाही, हेही लक्षात घ्या. झालेला त्रास खोटा आहे असं दृष्टांत म्हणत नाही. शेवटी राजा आपली माफी मागे घेतो आणि दासाला तुरुंगात टाकतो.

नूरच्या आयतीशी याचं नातं चटकन दिसतं: दोन्हीकडे माणसाची माफी वरच्या माफीशी जोडली आहे. पण स्वर वेगळा. तिकडे मिळालेली माफी परत जाण्याचा इशारा, इकडे हवीशी वाटणाऱ्या माफीची आठवण. आणि त्याच अध्यायात, पेत्राच्या प्रश्नाच्या जरा आधी, अपराध्याला आधी एकांतात सांगा, न ऐकल्यास एक-दोन जण सोबत न्या, तरीही न ऐकल्यास मंडळीपुढे मांडा, असा क्रम आहे. हा भाग बाईंनी स्वतःहून वाचून दाखवला. म्हणाल्या, आमच्याकडेही तो सहसा गाळला जातो.

धम्मपदाच्या वचनाने मात्र आमच्या तीन प्रश्नांनाच अडचणीत टाकलं. पहिल्या वर्गातल्या तिसऱ्या ते पाचव्या गाथेत आशय असा की, त्याने मला शिवी दिली, मारलं, लुटलं, असं जो धरून बसतो त्याचं वैर शमत नाही, आणि वैराने वैर कधीच शमत नाही, अवैराने शमतं. इथे माफ करणारा देव नाही, कर्जाची भाषा नाही, 'माफ कर' अशी आज्ञाही नाही. वैर कसं चालतं आणि कसं थांबतं हे सांगितलंय, एखाद्या हकीमाने रोगाचं कारण सांगावं तसं. 'सोडलं नाही तर काय' याचं उत्तर: वैर चालू राहील, एवढंच. पाचव्या गाथेला जोडलेली अट्ठकथेतली गोष्ट दोन सवतींची आहे. एकीने दुसरीचे गर्भ पाडले, ती शाप देत मेली, आणि मग मांजर-कोंबडी, हरिणी-बिबळीण असं जन्मोजन्मी एकमेकींची पिल्लं खाणं चाललं. शेवटी एक यक्षिणी आणि एक बाळंतीण म्हणून त्या श्रावस्तीच्या जेतवनात समोरासमोर आल्या. बुद्धांनी आईला बाळ यक्षिणीच्या हातात द्यायला सांगितलं. सभेतल्या दोन आया हे ऐकून दचकल्याच! यात दोघीही कधी ना कधी अपराधी आहेत. एकाच बाजूने मार खाणाऱ्याला ही गोष्ट जशीच्या तशी लावता येत नाही, असं आणणाऱ्या गृहस्थांनीच सांगितलं.

हिंदू सहकाऱ्यांनी गीतेतलं वचन आणलं नाही. गीतेत क्षमा दैवी गुणांच्या यादीत येते, पण यादीवर चर्चा काय करणार? त्यांनी महाभारताच्या वनपर्वातला संवाद आणला. वनवासात द्रौपदी युधिष्ठिराला विचारते की तुम्हाला राग का येत नाही, आणि प्रल्हाद व त्याचा नातू बळी यांची गोष्ट सांगते. प्रल्हाद म्हणतो, नेहमी तेजही चांगलं नाही आणि नेहमी क्षमाही चांगली नाही. जो सदा क्षमा करतो त्याला नोकरचाकरही जुमानत नाहीत. मग तो कसोट्या देतो. पूर्वी उपकार केलेल्याला सोडावं. नकळत चुकलेल्याला सोडावं. पहिला अपराध सोडावा. दुसरा लहान असला तरी दंड करावा, आणि जाणूनबुजून करून 'नकळत झालं' म्हणणाऱ्यालाही. यावर युधिष्ठिर क्षमेची थोरवी सांगतो. पण द्रौपदीला ते पटत नाही आणि वाद पुढे चालू राहतो. ग्रंथाने तिचा आवाज गाळलेला नाही.

मग आम्ही एक काल्पनिक प्रसंग घेतला. एक गृहस्थ पुतण्याची कॉलेजची फी भरतात, आणि तोच पुतण्या त्यांच्या मुलीच्या ठरत आलेल्या नात्याबद्दल खोटं बोलून नातं मोडतो. नूर सांगते, फी बंद करू नका. पण खोटं ते खोटंच, आणि सत्य उघड व्हायला हवं. मत्तय सांगतो, आधी एकट्याला गाठून सांगा. धम्मपद सांगतं, रात्री अंथरुणात ते वाक्य घोळवत पडू नका. प्रल्हाद विचारतो, पहिल्यांदा केलं का? पुन्हा केल्यास मात्र त्याच्या मते उत्तर बदलतं. आणि एक गोष्ट आमच्या लोकांनी जोडली: आळ मुलीवर आला होता. वडील आपल्या हिश्श्याचं माफ करू शकतात, तिच्या हिश्श्याचं नाही. बंद्यांचे हक्क, हुकूकुल इबाद, ज्याचे त्यानेच सोडायचे असतात.

त्या भगिनी याही बैठकीला आल्या होत्या. त्यांनी चारही कागदांची झेरॉक्स मागितली आणि सूरह शूराच्या कागदावर चाळीसाव्या आयतीसोबत एकेचाळीसावीही खुणा करून घेतली. घरी वाचून दाखवायची आहे म्हणाल्या.