पुण्याहून परतलेला मुलगा आणि बापाचा झाडू

आपल्या वस्त्यांमध्ये सध्या एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. नळावर, लग्नाच्या मांडवात, विहाराच्या पायरीवर. धुळ्याकडच्या माऊल्या तो अहिराणीत विचारतात, "काय करी ऱ्हायना आते तो?" ज्याच्याबद्दल विचारले जाते तो तीस वर्षांचा, एम.ए. झालेला, पुण्यात सहा वर्षे काढून घरी परतलेला मुलगा असतो. त्याच्या आईकडे या प्रश्नाचे उत्तर नसते. ती म्हणते, "अभ्यास करतोय." मग विचारणारी गप्प होते, आणि ते गप्प होणे आईला जास्त लागते.

आपण मुलांना शिकायला पाठवण्याबद्दल पुष्कळ लिहिले, बोललो. पाठवलेला मुलगा नोकरीशिवाय परत आला तर दोन खोल्यांच्या घरात त्याने कसे राहायचे, यावर आपल्या व्यासपीठावरून क्वचितच कोणी बोलते. म्हणून जळगाव जिल्ह्यातले माझ्या माहितीतले एक घर येथे मांडतो. नावे देत नाही, गावही सांगत नाही.

वडील नगरपालिकेत सफाई कामगार. थोरला मुलगा 2017 साली एम.ए. करायला पुण्यात गेला. वसतिगृहात नंबर लागला नाही, पण स्वाधार योजनेत नाव आले. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून सुरू झालेली ही योजना. पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60 हजार रुपये मिळतात. त्यावर दोन वर्षे खोली आणि मेस निघाली. 2019 मध्ये एम.ए. संपले आणि स्वाधारही संपले, कारण ती योजना महाविद्यालयात प्रवेश असलेल्यांसाठी आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी नाही. मुलाची खरी तयारी मात्र तेथूनच सुरू झाली. नेमका येथे आपल्या अनेक घरांचा हिशेब कोसळतो. शिक्षण सरकारने पोसले, तयारी बापाने पोसायची. वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढले आणि महिन्याला सात हजार पाठवू लागले. कॉट, मेस आणि अभ्यासिका एवढ्यातच ते संपत.

मग 2020 आले. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा 5 एप्रिलला होती. 25 मार्चला देशभर टाळेबंदी लागली. 4 मे रोजी वित्त विभागाने नवी पदभरती थांबवण्याचा निर्णय घेतला. पुढे ढकलत ढकलत ती पूर्वपरीक्षा अखेर 21 मार्च 2021 रोजी झाली. ते वर्ष या मुलाने घरी काढले. पण ते परतणे कोणी परतणे मानले नाही, कारण सगळ्यांचीच मुले घरी होती. आईने कौतुकाने कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊ घातले. नियम काहीच बदलले नाहीत, कारण हा पाहुणा आहे असे घराने धरून चालले होते.

खरे परतणे झाले 2023 च्या जून महिन्यात. त्या वर्षाच्या सुरुवातीला पुण्यात मुले रस्त्यावर बसली आणि आयोगाने मुख्य परीक्षेचा वर्णनात्मक नमुना 2025 पर्यंत पुढे ढकलला. आंदोलनाला यश आले खरे. या मुलाने मात्र त्यातून वेगळा अर्थ काढला. दोन वर्षांनी पर्यायांवर खुणा करण्याचा अभ्यास जुना होणार, मग कॉटचे पैसे भरत बसण्यात अर्थ नाही. महाराष्ट्र एक्सप्रेसने तो दोन पत्र्याच्या पेट्या घेऊन जळगावला उतरला. पेट्या पाहून आईला कळले की हा पाहुणा नाही.

पहिले भांडण झाले ते दिव्यावरून. वरकरणी ही फालतू गोष्ट वाटते. पण खानदेशातला उन्हाळा ज्याने पत्र्याखाली काढला आहे त्याला ती कळेल. मे-जूनमध्ये दुपारी अकरा ते पाच पत्र्याच्या खोलीत माणूस बसूच शकत नाही, अभ्यास दूरच. म्हणून मुलगा रात्री वाचायचा. वडील पहाटे चारला उठून हजेरीच्या ठिकाणी जाणारे. एकच खोली, एकच ट्यूबलाइट. शिवाय पाणी काही दिवसांआड यायचे, तेही पहाटे. तेव्हा रात्री दोनला झोपलेला तरणाबांड मुलगा आडवा, आणि साठीकडे झुकलेली आई हंडे भरते आहे. धाकटा भाऊ हे पाहत होता. तो आयटीआय करून एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात कंत्राटावर अकरा हजारांवर राबत होता. एके दिवशी तो बोललाच, "साहेब उठले का?"

त्या एका शब्दाने घरात तीन आठवडे अबोला झाला. मी अशी बरीच घरे पाहिली. वाद जेवणावरून क्वचितच होतो. मुलगा घरचाच, भाकरी कोणी मोजत नाही. वाद होतो तो वेळेवरून. कमावत्याची वेळ खरी धरली जाते आणि अभ्यास करणाऱ्याची वेळ रिकामी. "बसलाच आहेस तर जरा रेशन घेऊन ये", "बसलाच आहेस तर आत्याला दवाखान्यात ने." मुलगा दिवसभरात पाच कामे करतो, पण ती सांगितलेली असतात म्हणून त्याच्या खात्यावर जमा होत नाहीत. या घरातल्या आईने, जिला सही करण्यापुरतेच लिहिता येते, यावर तोडगा काढला. पाणी भरणे, रेशन आणि आजीचा दवाखाना ही तीन कामे कायमची थोरल्याची. बाकी कामासाठी त्याला कोणी उठवायचे नाही. अभ्यासासाठी विहाराच्या मागच्या खोलीची किल्ली मागून घेतली. रात्री अकरानंतर घरात दिवा नाही. बदल्यात तो विहारात दहावीच्या मुलांना संध्याकाळी शिकवतो. काही पालक पैसे देतात, काही नाही. महिन्याला दोन-अडीच हजार होतात, त्यातले हजार तो आईच्या हातात ठेवतो. हजाराने घर चालत नाही. पण तेव्हापासून धाकट्याने "साहेब" म्हटलेले नाही.

यापेक्षा अवघड वाटाघाट पुढे होती. वडील चतुर्थ श्रेणीतले, साठाव्या वर्षी, म्हणजे 2024 च्या अखेरीस निवृत्त होणार होते. लाड आणि पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या एका वारसाला त्या जागी नेमणूक मिळते. 1975 पासून हे निर्णय होत आले आणि 24 फेब्रुवारी 2023 च्या शासन निर्णयात ते एकत्र केले गेले. वारस म्हणजे केवळ मुलगा नव्हे. मुलगी, सून, जावई यांचाही त्यात विचार होतो. पण नाव एकाचेच जाते आणि बाकीच्यांनी ना-हरकत लिहून द्यावी लागते. मुदतीत अर्ज केला नाही तर हात चोळत बसावे लागते.

नातेवाइकांनी एकमुखाने थोरल्याचे नाव पुढे केले. थोरला आहे, रिकामा आहे, कायम नोकरी आहे, पगार अकरा हजारांपेक्षा कितीतरी जास्त आहे. मुलगा म्हणाला, "एम.ए. होऊन झाडूच घ्यायचा होता तर पुण्याला कशाला पाठवले?" वडील काही बोलले नाहीत. पस्तीस वर्षे ज्या झाडूवर घर उभे राहिले त्याबद्दल मुलाच्या तोंडून हे ऐकणे काय असते, ते ज्यांच्या घरात झाडू आहे त्यांना सांगायला नको.

चळवळीतल्या आपल्यासारख्या माणसांची येथे पंचाईत होते. जातीने लादलेले काम सोडा, हे आपण सभांतून सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण ज्या काळात सफाईचेच काम कंत्राटदाराकडे निम्म्याहून कमी पैशांत जाते आहे, तेथे कायम पदाची जागा सोडून देणे म्हणजे ती जागाच बुडवणे. मला विचारले गेले तेव्हा मी कोणतीच बाजू ठामपणे घेऊ शकलो नाही, हे कबूल करतो.

बाबासाहेबांचे बडोद्याचे प्रकरण आपल्याला पाठ आहे. 1917 साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला परतले. त्यांना सिडनहॅम कॉलेजात जागा मिळाली ती नोव्हेंबर 1918 मध्ये. मधल्या वर्षभरात परळच्या चाळीत रमाईंनी घर कसे ओढले, एवढा शिकलेला नवरा घरी असताना शेजारणींना काय उत्तर दिले, याची चर्चा आपण करत नाही. असो.

त्या घरात निकाल लागला तो असा. ना-हरकत थोरल्याने लिहून दिली आणि नाव धाकट्याचे गेले. पण त्याआधी एका रविवारी बसून चार गोष्टी वहीत लिहिल्या गेल्या. धाकट्याने पगारातून आईवडिलांना ठराविक रक्कम द्यायची. थोरल्याला महिना तीन हजार द्यायचे, ते 31 डिसेंबर 2026 पर्यंतच. पतपेढीचे कर्ज निवृत्तीच्या पैशांतून फेडायचे आणि ते थोरल्याच्या नावावर कोणी टोमणा म्हणून काढायचे नाही. आणि थोरल्याला नोकरी लागली तर धाकट्याच्या मुलांचे शिक्षण त्याने करायचे. सख्ख्या भावांत लिहापढी कशाला, असे आत्याबाईंना वाटले. मला ती वही फार शहाणपणाची वाटली.

त्यात तारखेचे कलम महत्त्वाचे. राज्यसेवेला मागासवर्गीयांची वयोमर्यादा 2016 पासून 43 वर्षे आहे. ही सवलत हक्काची आहे आणि ती टिकलीच पाहिजे. पण तिचा एक घरगुती परिणाम असा की आयोग मुलाला थांब असे कधी सांगतच नाही. खुल्या वर्गातला मुलगा 38 व्या वर्षी आपोआप बाहेर पडतो. आपला मुलगा तिशीत परत आला तर पुढे तेरा वर्षे तो कायद्याने उमेदवारच असतो आणि घर त्याला काही विचारू शकत नाही. मग थांबायचे कधी, हे घरालाच ठरवावे लागते. ते रागाच्या भरात ठरवले की मुलगा घर सोडतो, किंवा त्याहून वाईट काही करतो.

मुलींचे परतणे वेगळे, ते थोडक्यात सांगतो. धुळ्यातली एक मुलगी पुण्यात कंपनीत होती, 2020 मध्ये काम गेले. घरी आली त्या आठवड्यातच वडिलांनी तिचे एटीएम कार्ड "सांभाळायला" घेतले आणि आईने दिवेलागणीच्या आत घरी येण्याचा नियम पुन्हा लावला, जो ती बारावीत असताना होता. मुलगा परतला की त्याला विचारतात नोकरीचे काय, मुलगी परतली की स्थळे पाहू लागतात. तिने भांडण केले नाही. धुळ्यातच एका दुकानात हिशेबाचे काम धरले, दर महिन्याला चार हजार रुपये आणि गॅसची टाकी स्वतःकडे घेतली, आणि तिसऱ्या महिन्यात कार्ड परत मागितले. वडिलांनी दिले. दिवेलागणीचा नियम मात्र आजही तसाच आहे. दुकान आठला बंद होते म्हणून तेवढी सूट मिळाली आहे.

जळगावच्या त्या घरात धाकट्याची नेमणूक झाली. पहाटे चारला आता तो उठतो. थोरला त्याच्या आधी उठून नळाला पाइप लावतो. वडील निवृत्त झाले तरी झोप त्याच वेळी मोडते, म्हणून दोघांचा चहा तेच करतात. वहीतली तारीख जवळ येते आहे. त्याबद्दल घरात अजून कोणी बोललेले नाही.