सहा वर्षांची दाढ

सर्वण गावातल्या एका प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात मुलं रांगेत बसली आहेत. बाई कागदावर वाटाण्याएवढ्या पेस्टच्या टिकल्या काढतात आणि प्रत्येक मूल आपल्या नावाच्या ब्रशने एक टिकली उचलतं. ट्यूब थेट ब्रशला लावली तर एकाची लाळ दुसऱ्याच्या तोंडात जाते, म्हणून ही कागदाची युक्ती. दोन मिनिटं घासायचं, थुंकायचं, पण चूळ भरायची नाही. फ्लोराईड दातांवर राहायला हवं ना! घरी सगळे खळखळून चुळा भरतात, त्यामुळे हे मुलांना पटवणंच सर्वांत कठीण.

वर्षातून दोनदा व्हार्निश लावतात. दात गॉजने पुसायचे आणि इवल्याशा ब्रशने ५ टक्के सोडियम फ्लोराईडचा पातळ थर फिरवायचा. दुधाच्या दातांना पाव मिलिलिटर पुरतं. लाळ लागताच थर घट्ट होतो. मग काही तास कडक किंवा गरम खायचं नाही आणि त्या रात्री ब्रश करायचा नाही. तोंडात जखमा असल्या किंवा राळेची ॲलर्जी असली, तर त्या मुलाला व्हार्निश लावत नाहीत.

इथवर सोपं. खरी गोम आहे ती उपयोग झाला का हे ठरवण्यात. मोजमापात दुधाच्या किडलेल्या, किडीमुळे काढलेल्या आणि भरलेल्या दातांची बेरीज करतात. समजा, पहिलीतल्या एका मुलीचे पुढचे चार आणि मागचे दोन दात किडले आहेत. बेरीज सहा. तिसरीत येईपर्यंत पुढचे चार आपोआप पडले, बेरीज दोन. ब्रश-व्हार्निश काही न करताही आकडा एवढा उतरतो आणि अहवालात लिहिलं जातं, ‘कीड घटली’.

म्हणून मी पाहते ती सहाव्या वर्षी येणारी पहिली पक्की दाढ. दुधाच्या दाढांच्या मागे ती गुपचूप उगवते आणि आईवडील तिला दुधाचीच समजतात. ती पडत नाही, त्यामुळे तिच्यावर झालेली नवी कीड लपत नाही. तीही ब्रश-व्हार्निशचा कार्यक्रम नसलेल्या शाळेतल्या त्याच वयाच्या मुलांशी ताडून पाहायची, आणि तपासणाऱ्याला कोणती शाळा कोणत्या गटातली हे ठाऊक नसावं.

तुलना कशाशी, हाही प्रश्न आहेच. स्कॉटलंडमध्ये बालवाड्यांत रोज ब्रश करून घेतात. तिथल्या चाचणीत काही मुलांना वरून व्हार्निशही दिलं. दोन वर्षांत त्यांच्यातल्या सुमारे २७ टक्के मुलांची कीड वाढली, बाकीच्यांत ३२ टक्के. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. याचा अर्थ व्हार्निश निरुपयोगी, असा नव्हे. रोजचं ब्रशिंग आधीच चालू असलं की व्हार्निशची भर थोडी दिसते, एवढाच. जिथे ते नाही, तिथे हा निष्कर्ष तसाच उचलता येणार नाही.

तेव्हा शाळेचा अहवाल हाती आला, तर दुधाच्या दातांचा आकडा बाजूला ठेवा आणि पक्क्या दाढांचा आकडा मागा.