उद्या पाऊस पडला तर

‘उद्या पाऊस पडला तर सिंहगडावर जायचं नाही,’ असं आई शनिवारी संध्याकाळी सहज म्हणून जाते आणि घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. खरं तर वाटायला हवं. दिवस उद्याचा आहे आणि क्रियापद मात्र ‘पडला’, म्हणजे शाळेत ज्याला आपण भूतकाळ म्हणून पाठ केलं ते. मराठी नव्याने शिकणारा माणूस इथे हमखास अडतो. तो ‘पाऊस पडेल तर’ म्हणतो, आणि चूक कुठे झाली ते त्याला समजावून सांगणं आपल्यालाही जमत नाही.

मराठीतलं हे ‘ला’ लागलेलं रूप मुळात घड्याळ बघत नाही. क्रिया पुरी झाली, एवढंच ते सांगतं. कधी पुरी झाली ते वाक्यातल्या इतर शब्दांवरून कळतं. म्हणून ‘काल पाऊस पडला’ हेही चालतं आणि ‘उद्या पाऊस पडला तर’ हेही. आई म्हणते त्याचा अर्थ असा: पडण्याची घटना आधी पुरी होऊ दे, मग बेत रद्द. ‘तू येशील तर मीही येईन’ असं आपण म्हणतो, पण तिथे समोरच्याची तयारी विचारलेली असते. पावसाला तयारी विचारता येत नाही, म्हणून ‘पडेल तर’ कानाला खटकतं.

अट आधी पुरी व्हायला हवी, हे लक्षात आलं की पुढचा बारकावा उलगडतो. ‘पाऊस पडला तर छत्री घे’ आणि ‘पाऊस पडणार असेल तर छत्री घे’ ही दोन वाक्यं वरवर एकाच सल्ल्याची वाटतात. पहिल्यात छत्री घेण्याची वेळ पाऊस सुरू झाल्यानंतरची आहे, दुसऱ्यात घरातून निघण्यापूर्वीची. ‘तू जेवायला आलास तर आमरस करते’ असं ऐकलं तर पाहुण्याने ओळखावं की तो आल्यावर आंबे पिळायला घेतले जाणार आहेत. ‘येणार असशील तर करते’ म्हटलं तर तो पोहोचेपर्यंत रस तयार असेल. जे काम अटीच्या आधी व्हायचं, त्यासाठी ‘णार असेल तर’. जे नंतर व्हायचं, त्यासाठी नुसतं ‘ला तर’. व्याकरणाच्या पुस्तकात हा फरक फारसा भेटत नाही, स्वयंपाकघरात रोज भेटतो.

रविवारी सकाळी खिडक्या बंद असताना तीच आई म्हणेल, ‘बाहेर पाऊस पडत असेल तर राहू दे.’ म्हणजे जे काही आहे ते या क्षणी चालू आहे, फक्त आपल्याला माहीत नाही. आणि ‘रात्री पडला असेल तर वाट निसरडी असणार’ यात घटना होऊन गेलेली आहे किंवा नाही, हे ठरूनही गेलंय; अजून कळलेलं नाही इतकंच. ‘असेल’ येतो तो हा न कळलेपणा दाखवायला.

जिथे शंकाच नाही तिथे ‘तर’ वापरून चालत नाही. ‘बाबा आले की जेवू’ म्हणजे बाबा येणार हे नक्की, प्रश्न वेळेचा. ‘बाबा आले तर जेवू’ म्हटलं की ते येतील याचा भरवसा नाही, आणि न आल्यास आपणही उपाशी, असा भलताच अर्थ निघतो.

सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं की उत्तर येतं, ‘पाऊस पडला नसता तर गेलो असतो.’ इथे दोन्ही बाजूंना ‘असता’ किंवा त्याचा नकार ‘नसता’ लागतो, आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं की पाऊस पडला आणि हे गेले नाहीत. ‘असता’ नाव, लिंग, वचन बघून बदलत राहतो: गाडी मिळाली असती, तिकीट काढलं असतं, मित्र आले असते. तोही काळाला बांधलेला नाही. ‘उद्या सुट्टी असती तर पुन्हा गेलो असतो’ हे बोलणं उद्याचंच आहे. त्यातून कळतं ते एवढंच, की सुट्टी नाही.

वर्तमानपत्रातला ‘असता’ वेगळा. ‘पोलिसांनी चौकशी केली असता’ यात अट नाही. चौकशी झाली, तेव्हा काहीतरी उघड झालं. ओळखायची खूण सोपी आहे. चौकशी स्त्रीलिंगी, तरी इथला ‘असता’ हलत नाही. ‘चौकशी केली असती तर’ मध्ये तो हलला, म्हणजे चौकशी झालेलीच नाही. एका वेलांटीवर केवढं अवलंबून!

आतापर्यंतच्या बहुतेक वाक्यांत ‘जर’ नव्हता, आणि तो कुणाला आठवलाही नसेल. बोलण्यात तो बहुतेक वेळा गळतो, ‘तर’ मात्र गळत नाही. ‘जर पाऊस पडला, जायचं नाही’ हे अर्धवट वाटतं. अट लांबलचक असली की ‘जर’ उपयोगी पडतो, कारण पुढे ‘तर’ येणार आहे हे वाचणाऱ्याला आधीच कळतं. चार शब्दांच्या अटीलाही ‘जर’ लावायची सवय मला अलीकडच्या लिखाणात फार दिसते आणि ती मला अनावश्यक वाटते.

‘जरी-तरी’चंही असंच. ‘जरी’ सोडून देता येतो, ‘तरी’ लागतोच. शाळेच्या व्याकरणात ही जोडीही संकेतबोधक अव्ययांतच बसवलेली असते, पण तिचं काम उलटं आहे. ‘तर’ अट पाळतो. ‘तरी’ अट ऐकून घेतो आणि झुगारतो. ‘पाऊस पडला तरी’ एवढ्यावरून पाऊस पडला की नाही ते कळत नाही. पुढे ‘गेलो’ आलं तर पडला होता, ‘जाणार’ आलं तर अजून काही ठरलेलं नाही.

संदिग्धता नको असेल तर मराठी ‘असला’ आणते. ‘औषध घेतलं असलं तरी ताप उतरला नाही’: औषध घेतलं, हे मान्य. ‘औषध घेतलं असतं तरी ताप उतरला नसता’: औषध घेतलेलंच नाही. ल आणि त यांच्या अदलाबदलीत अख्खी हकिगत उलटते, म्हणून घाईघाईत टाइप करताना ही जागा एकदा तपासावी. ‘तर’च्या आधी ‘असेल’ सर्रास चालतो, ‘तरी’च्या आधी सहसा नाही. ‘घरी असेल तर दार उघडेल’, पण ‘घरी असला तरी दार उघडत नाही’. न कळलेलं दाखवणारा ‘असेल’ तरीला नको असतो, कारण तिथे बोलणाऱ्याने ती गोष्ट मानूनच पुढचं बोलायचं ठरवलेलं असतं. ‘कितीही समजावलं तरी’, ‘कुठेही ठेवलं तरी’ अशा वाक्यांत तर एक नाही, साऱ्या शक्यता मानून झालेल्या असतात. तिथे ‘जरी’ला जागाच उरत नाही, त्याचं काम ‘ही’ करतो.

जुन्या मराठीत मात्र ही वाटणी अशी नव्हती. ज्ञानेश्वरीत ‘जरी’ आणि ‘तरी’ पुष्कळदा आजच्या ‘जर’ आणि ‘तर’च्या अर्थाने येतात, आणि आजच्या ‘जरी-तरी’साठी ‘जऱ्ही-तऱ्ही’ अशी रूपं भेटतात. आजच्या कानाने वाचणारा ओवीतल्या साध्या अटीला सवलत समजून बसतो आणि अर्थ जुळेनासा झाला की भाषा अवघड आहे म्हणतो. अशा वेळी ‘जरी’च्या जागी ‘जर’ घालून ओवी पुन्हा वाचावी. बहुतेकदा गाठ तिथेच सुटते.