पाच लाखांची मर्यादा मोजायची कशी?

बँक बुडाली तर एका ठेवीदाराला एका बँकेतून ठेव विम्यापोटी जास्तीत जास्त 5 लाख रुपये मिळतात. मुद्दल आणि त्यावर साठलेले व्याज दोन्ही या 5 लाखांतच मोजले जाते. हा विमा ठेव विमा व पतहमी महामंडळ, म्हणजे डीआयसीजीसी, ही रिझर्व्ह बँकेच्या पूर्ण मालकीची संस्था देते. सरकारी, खासगी, परदेशी, स्मॉल फायनान्स आणि सहकारी अशा सगळ्या बँकांना तो बंधनकारक आहे. हप्ता बँकेने भरायचा असतो, ठेवीदाराकडून त्याचा एक रुपयाही घेता येत नाही. बचत, चालू, आवर्ती आणि मुदत ठेव ही सगळी खाती त्यात येतात.

1960 साली केरळमधील पालाई सेंट्रल बँक कोसळली आणि त्यानंतर 1 जानेवारी 1962 पासून देशात ठेव विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा 1,500 रुपये होती. ती टप्प्याटप्प्याने वाढत 1993 मध्ये 1 लाखावर आली आणि पुढे जवळजवळ 27 वर्षे तिथेच अडून राहिली. सप्टेंबर 2019 मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीला खातेदारांना सहा महिन्यांत मिळून फक्त 1,000 रुपये काढण्याची मुभा होती. पुढे ही रक्कम वाढत गेली, पण आयुष्यभराची पुंजी एकाच बँकेत ठेवणाऱ्या कुटुंबांचे जे हाल झाले ते महाराष्ट्राने जवळून पाहिले. त्यानंतर काही महिन्यांतच, 4 फेब्रुवारी 2020 पासून, मर्यादा 5 लाख झाली.

मर्यादा समजायला सोपी वाटते, पण ती मोजताना बहुतेकांची गल्लत होते. ती खात्यागणिक नसते, पासबुकागणिक किंवा शाखेगणिकही नसते. एका बँकेच्या पुणे, सातारा आणि ठाणे शाखांत तीन ठेवी असल्या तरी त्या एकत्र धरल्या जातात. मात्र माणूस तोच असला तरी तो कोणत्या नात्याने ठेवीदार आहे हे पाहिले जाते. स्वतःच्या नावाची ठेव वेगळी, अज्ञान मुलाचा पालक म्हणून ठेवलेली वेगळी आणि भागीदारी संस्थेची वेगळी. एकट्याच्या मालकीच्या दुकानाचे खाते मात्र मालकाच्या वैयक्तिक खात्यातच मिळवले जाते, त्यामुळे अनेक व्यापाऱ्यांचा हिशेब इथे चुकतो. संयुक्त खात्यात नावांचा क्रमही महत्त्वाचा असतो. पत्नीचे नाव आधी व पतीचे नंतर असलेली ठेव आणि पतीचे आधी व पत्नीचे नंतर असलेली ठेव अशा दोन ठेवींना स्वतंत्र मर्यादा लागू होते.

एका निवृत्त शिक्षिकेच्या कल्पित हिशेबातून हे स्पष्ट होईल. एका बँकेच्या एका शाखेत त्यांच्या एकटीच्या नावावर 6 लाखांची मुदत ठेव आहे आणि तिच्यावर 30 हजार व्याज साठले आहे. दुसऱ्या शाखेत बचत खात्यात 70 हजार आहेत. बेरीज झाली 7 लाख, पण विम्यातून मिळतील 5 लाखच. त्याच बँकेत पतीबरोबर, स्वतःचे नाव आधी असलेली 4 लाखांची संयुक्त ठेव आहे आणि तिचे व्याज 20 हजार झाले आहे. हे 4 लाख 20 हजार वेगळ्या मर्यादेत बसतात आणि पूर्ण मिळतात. म्हणजे एकूण 11 लाख 20 हजारांपैकी 2 लाख उघडे राहिले.

याच बाईंनी स्वतःच्या ठेवीवर 1 लाखाचे कर्ज काढलेले असेल, तर ते आधी ठेवीतून वजा होते. 7 लाखांतून 1 लाख गेले, 6 लाख उरले, त्यांतले 5 लाख विम्यातून मिळाले. इथे कर्जाची फेड मर्यादेबाहेरच्या रकमेतून झाली. ठेव मर्यादेच्या आत असती, तर तेवढेच पैसे हातात कमी पडले असते.

मर्यादेबाहेरची रक्कम बुडालीच असे नाही. बँकेचा परवाना रद्द झाला तर अवसायक कर्जांची वसुली करून मिळेल त्याप्रमाणे वाटप करतो, पण त्याला वर्षे लागतात आणि किती हाती येईल याची हमी नसते. विलीनीकरण झाले तर त्या योजनेतल्या अटींप्रमाणे पैसे मिळतात. पीएमसी बँक जानेवारी 2022 मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा मोठ्या ठेवीदारांची उरलेली रक्कम टप्प्याटप्प्याने, काहींची तर दहा वर्षांनी, परत करण्याचे ठरले.

5 लाखांच्या आतले पैसेसुद्धा लगेच मिळत नाहीत. पूर्वी विमा बहुधा परवाना रद्द झाल्यावरच मिळे. पुण्याच्या रुपी बँकेवर 2013 मध्ये निर्बंध आले आणि तिचा परवाना 2022 मध्ये रद्द झाला, यावरून ठेवीदार किती ताटकळत राहू शकत होते ते कळते. 2021 च्या कायदादुरुस्तीने हे बदलले. आता पैसे काढण्यावर निर्बंध आल्यापासून 90 दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते. पहिल्या 45 दिवसांत बँक ठेवीदारांची यादी देते, पुढच्या 45 दिवसांत महामंडळ ती तपासून पैसे देते. विलीनीकरणाची शक्यता असेल तर आणखी 90 दिवसांची वाढ मिळू शकते. पैसे दुसऱ्या बँकेतल्या खात्यात जमा होतात. ज्यांचे दुसरीकडे खाते नाही किंवा केवायसी अपुरे आहे, त्यांची रक्कम इथेच अडकते.

म्हणून पैसे विभागताना दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात. पहिली मर्यादेची. 4 लाख रुपये साडेसात टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने तीन वर्षे ठेवले तर शेवटी 4 लाख 99 हजारांच्या पुढे जातात. 5 लाखांचीच ठेव केली तर पहिल्या तिमाहीचे व्याजच उघडे पडते. तेव्हा एका बँकेत एका नावावर, बचत खात्यातली शिल्लक धरून, 4 लाखांच्या आसपास थांबणे किंवा व्याज दर तिमाहीला दुसऱ्या बँकेत वळते करणे बरे. दुसरी गोष्ट प्रतीक्षेची. घरखर्च, पेन्शन आणि दवाखान्यासाठीचे पैसे एकाच बँकेत असतील, तर रक्कम मर्यादेत असूनही तीन महिने किराणा उधारीवर आणावा लागेल. चार-सहा महिन्यांचा खर्च दुसऱ्या बँकेत असणे हे अर्धा टक्का जादा व्याजापेक्षा जास्त मोलाचे आहे.

पण दहा बँकांत दहा खाती हा शहाणपणा नव्हे. किमान शिल्लक, केवायसी, नॉमिनी यांचा ताळमेळ राहत नाही, आणि दहा वर्षे दावा न झालेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण निधीत जाते. ती परत मागता येते, पण ती ठेव आहे हेच वारसांना ठाऊक नसते. 20 लाखांच्या पुंजीला दोन-तीन बँका आणि पती-पत्नींच्या नावांचा विचारपूर्वक क्रम पुरेसा होतो. दोन बँका एकमेकींत विलीन झाल्या, तर हिशेब नव्याने मांडावा.

महाराष्ट्रात सर्वांत मोठा धोका मात्र या मर्यादेच्या पलीकडचा आहे. गल्लोगल्ली असलेल्या नागरी, ग्रामीण आणि मल्टिस्टेट पतसंस्था या बँका नव्हेत, आणि तिथल्या ठेवींना डीआयसीजीसीचा एक रुपयाचाही विमा नाही. पाटीवर, पावतीवर कुठे ‘बँक’ असा शब्द दिसला तरी महामंडळाच्या संकेतस्थळावरील विमाधारक बँकांच्या यादीत ते नाव आहे का, हे पैसे भरण्याआधी पाहावे.