घसरणाऱ्याला पाहून हसू का येते?

पावसाळ्यात भिवपुरी रोड स्थानकावर उतरून धबधब्याकडे निघालेल्या घोळक्यात एक प्रसंग हमखास घडतो. शेवाळलेल्या कातळावर कोणाचा तरी पाय सटकतो आणि तो बदकन खाली बसतो. क्षणभर सारे स्तब्ध होतात, त्याच्या चेहऱ्याकडे पाहतात आणि मग हास्याचा कल्लोळ उठतो. या हसण्याचे मर्म त्या क्षणभराच्या स्तब्धतेत दडले आहे.

पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरेन या अमेरिकी अभ्यासकांनी २०१० साली मांडलेल्या उपपत्तीनुसार, काहीतरी विपरीत घडले आहे आणि तरीही ते निरुपद्रवी आहे, या दोन्ही जाणिवा एकाच वेळी झाल्या की हसू फुटते. ताठ चालणारा माणूस अचानक आडवा होणे हे विपरीत. त्याला लागलेले नाही, हा दिलासा. यातला दिलासा काढून घेतला, की हसू उरत नाही. कर्जतलगतच्याच खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. मदतीसाठी निघालेल्यांना चिखलाने माखलेली डोंगरवाट पायीच चढावी लागली. पाऊस तोच, निसरडही तीच. पण त्या वाटेवर कोणी घसरले तर हसू येईल, अशी कल्पनाही करवत नाही.

मात्र सगळेच हसू दिलाशाचे नसते. वाटभर इतरांना ‘जपून चाला’ असे बजावणारा स्वतःच घसरला, की हसू दुप्पट होते. सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज याने हास्याचे मूळ दुसऱ्याच्या उणिवेमुळे आपल्याला अकस्मात वाटणाऱ्या मोठेपणात शोधले होते. जपानी संशोधक हिदेहिको ताकाहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली मेंदूच्या प्रतिमा घेऊन एक प्रयोग केला. ज्याचा हेवा वाटतो त्याच्यावर संकट आल्याचे वाचताना, बक्षीस मिळाल्यावर जागा होणारा मेंदूचा भाग सक्रिय झालेला त्यांना दिसला. हेवा जितका तीव्र, तितका हा प्रतिसादही अधिक होता. पडणे तेच असले, तरी पडणारा कोण यावर आपला आनंद असा बदलतो.

खरा धोका याहून वेगळा आहे. ‘लागलेले नाही’ हा निर्वाळा आपण निमिषार्धात आणि बहुधा त्याच्या चेहऱ्यावरून देतो. पण चारचौघांत पडलेला माणूस ओशाळून स्वतःही हसतो, आणि ते हसू दुखापत झाकते. घसरताना हात टेकला गेल्याने मनगटाचे हाड मोडलेले असू शकते. म्हणून त्याच्या चेहऱ्याऐवजी हाताकडे पाहावे. उठताना तो एक हात टेकायचे टाळत असेल, मनगट दुसऱ्या हाताने सावरून धरत असेल किंवा तेथे सूज चढत असेल, तर आपला निर्वाळा चुकला आहे असे समजावे. मग हसू आवरून त्याचा हात हलू न देता आधार द्यावा आणि त्याला डॉक्टरकडे न्यावे.